प्रतिध्वनीचा पंचनामा

एका पोलादी गर्डरचा फ्लँज घ्या. २५ मिलिमीटर जाडीच्या दोन प्लेटा समोरासमोर ठेवून वेल्डने जोडलेल्या आहेत. अल्ट्रासोनिक तपासणीत त्या एकाच वेल्डमध्ये तीन ठिकाणी खोट सापडली. पहिल्या जागेचा प्रतिध्वनी सर्वांत जोरदार होता. ती जागा कोरून पुन्हा वेल्ड करायची असे ठरले. दुसरीचा प्रतिध्वनी त्याहून कमी, म्हणून ती तशीच राहू दिली. तिसरीचा सर्वांत क्षीण होता, पण ती मात्र कोरून काढायचा शेरा पडला.

कागद वाचणाऱ्याला वाटेल की लिहिणाऱ्याच्या हातून ओळींची अदलाबदल झाली. तसे झालेले नाही. तिन्ही निर्णय नियमाला धरून आहेत, आणि ते का तसे आहेत हे समजले की वेल्ड तपासणीचा अहवाल कसा वाचायचा हेही बरेचसे समजते. हे उदाहरण समजावण्यासाठी रचलेले आहे, पण त्यातले नियम आणि हिशेब खरे आहेत. चाकण असो वा बुटीबोरी, जिथे इमारतींचे आणि कारखान्यांचे पोलादी सांगाडे तयार होतात, तिथल्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये असे कागद रोज भरले जातात. भारतीय मानकांत बट वेल्डच्या अल्ट्रासोनिक तपासणीसाठी आयएस ४२६० आहे. अनेक कंत्राटांत मात्र अमेरिकन वेल्डिंग सोसायटीची डी१.१ ही संहिता लावतात. आपल्या उदाहरणातला गर्डर इमारतीचा आहे, म्हणजे त्याच्यावर पुलासारखा सतत चढउतार होणारा भार नाही, आणि त्याचा निवाडा डी१.१ प्रमाणे होणार आहे. पुलाचा गर्डर असता तर हेच नियम अधिक कडक झाले असते.

यंत्र हातात घेण्याआधी डोळ्यांनी तपासणी होते. वेल्डच्या कडेला प्लेट खाल्ली गेली आहे का (शॉपमध्ये याला अंडरकट म्हणतात), पृष्ठभागावर छिद्रे आहेत का, वेल्डची उंची हवी तेवढी आहे का, हे टॉर्च आणि गेज घेऊन बघतात. हा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून तो उरकून टाकण्याकडे कल असतो. पण वरून दिसणारी खोट वरूनच सापडली तर ती ग्राइंडरने दहा मिनिटांत जाते. तीच पुढे यंत्रावर प्रतिध्वनी होऊन आली तर तपासनिसाचा अर्धा दिवस खाते.

मग वेल्डच्या दोन्ही बाजूंची प्लेट साफ करतात. वेल्डिंगच्या वेळी उडून चिकटलेले थेंब छिन्नीने काढतात आणि सैल गंज घासून टाकतात. आधी सरळ खाली ध्वनी सोडणारा प्रोब प्लेटवर फिरवतात. प्लेटच्या पोटातच थर सुटलेला असेल तर पुढे तिरका सोडलेला ध्वनी वेल्डपर्यंत पोचणारच नाही. मग तपासनीस “काही सापडले नाही” असे प्रामाणिकपणे लिहील आणि ते साफ चुकीचे असेल. प्लेट ठीक निघाली की तिरका प्रोब हातात येतो.

तिरक्या प्रोबमध्ये एक छोटा स्फटिक सेकंदाला सुमारे साडेबावीस लाख वेळा कंप पावतो. हा आवाज माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. प्रोब आणि पोलाद यांच्यामध्ये हवेचा पातळ पापुद्रा जरी राहिला तरी ध्वनी आत शिरत नाही, म्हणून मध्ये ग्रीस किंवा खळीसारखी पेस्ट लावतात. आपल्या उदाहरणात प्रोब ७० अंशांचा आहे. त्याचा ध्वनी पोलादात उभ्या रेषेशी ७० अंशांचा कोन करून तिरका उतरतो. पोलादात या प्रकारची लहर सेकंदाला सुमारे ३,२४० मीटर धावते, म्हणजे तिची एक लांबी दीड मिलिमीटरपेक्षा किंचित कमी भरते. वाटेत पोलाद सलग असेल तर ध्वनी पुढे निघून जातो. फट, राखेसारखा अडकलेला स्लॅग किंवा पोकळी लागली तर त्याचा काही भाग परत फिरतो आणि पडद्यावर एक शिखर उभे राहते.

पडद्यावर दोनच गोष्टी दिसतात. शिखर किती अंतरावर आहे आणि ते किती उंच आहे. आत नेमके काय आहे ते पडदा सांगत नाही. तपासनिसाचे कसब या दोन आकड्यांवरून सुरू होते.

पहिल्या खोटीचे अंतर ५६ मिलिमीटर आले. ध्वनी ७० अंशांनी गेला असल्यामुळे या अंतराला ०.३४ ने गुणले की खोली मिळते, सुमारे १९ मिलिमीटर. हाच ध्वनी प्लेटच्या तळाला पोचायला ७३ मिलिमीटर घेतो. म्हणजे ५६ वरचे शिखर ध्वनी तळावर आपटून वर उसळण्याआधीचे आहे, सरळ वाटेतले आहे. अहवालात हे “पहिला लेग” म्हणून नोंदवतात. त्याच्या शेजारच्या रकान्यांत वेल्डच्या मध्यरेषेपासून आडवे अंतर आणि वेल्डच्या टोकापासून लांबीच्या दिशेने अंतर येते. आपला फ्लँज ५०० मिलिमीटर रुंद आहे. पहिली खोट टोकापासून १२० वर, दुसरी २६० वर आणि तिसरी ३७० वर.

आता उंची. इथे कागदावरचे आकडे नवख्या माणसाला उलटे वाटतात.

काम सुरू करण्यापूर्वी तपासनीस प्रोब एका प्रमाणित पोलादी ठोकळ्यावर ठेवतो. त्यात दीड मिलिमीटर व्यासाचे एक आडवे भोक असते. त्या भोकाचा प्रतिध्वनी पडद्यावर ठरलेल्या उंचीला यावा म्हणून यंत्राचा आवाज जितका वाढवावा लागतो, तो त्या दिवसाचा संदर्भ आकडा. समजा तो ४२ डेसिबल आहे. मग वेल्डमधल्या खोटीचा प्रतिध्वनीही त्याच उंचीवर आणायचा आणि त्यासाठी आवाज किती लागला ते लिहायचे. पहिल्या खोटीला ४५ लागला. शिवाय ध्वनी जितका दूर जातो तितका थकतो, त्याची वजावट करावी लागते. संहितेची रीत अशी की अंतरातून २५ मिलिमीटर वजा करायचे आणि उरलेल्या प्रत्येक २५ मिलिमीटरला २ डेसिबल धरायचे. ५६ मधून २५ गेले, ३१ उरले, त्याचे साधारण अडीचला थोडे कमी डेसिबल होतात, आणि पूर्णांकात ते २ धरले जातात. अहवालाच्या फॉर्मवर हे एका ओळीचे गणित छापलेलेच असते:

d = a − b − c

४५ वजा ४२ वजा २, उत्तर अधिक १. हा खोटीचा गुणांक. प्रतिध्वनी जोरदार असेल तर आवाज फारसा वाढवावा लागत नाही, म्हणून गुणांक लहान येतो. जितका आकडा लहान तितकी खोट वाईट. ऋण आकडा आला तर ती खोट त्या दीड मिलिमीटरच्या भोकापेक्षाही मोठ्याने ओरडते आहे असे समजायचे.

२० ते ३८ मिलिमीटर जाडीच्या गटात ७० अंशांच्या प्रोबसाठी संहितेचा तक्ता सांगतो की अधिक २ किंवा त्याखाली गुणांक आला तर खोट ‘अ’ वर्गाची, अधिक ३ आला तर ‘ब’, अधिक ४ आला तर ‘क’, आणि ५ किंवा त्याहून वर ‘ड’. ‘अ’ वर्गाची खोट कितीही आखूड असली तरी नापास. ‘ड’ वर्गाची कितीही लांब असली तरी पास. खरा विचार मधल्या दोन वर्गांत करावा लागतो. ‘ब’ वर्गात २० मिलिमीटरपर्यंतची लांबी चालते. ‘क’ वर्गात खोट प्लेटच्या जाडीच्या मधल्या अर्ध्या भागात असेल तर ५० मिलिमीटरपर्यंत चालते, पण वरच्या किंवा खालच्या चौथ्या हिश्शात असेल तर तिलाही २० चीच मर्यादा.

आता तिन्ही ओळी पुन्हा वाचता येतात. पहिली खोट अधिक १, म्हणजे ‘अ’ वर्ग. तिची लांबी जेमतेम १५ मिलिमीटर आहे, पण इथे लांबी विचारातच घेतली जात नाही. दुसऱ्या खोटीला ४८ डेसिबल लागले, अंतर ६० मिलिमीटर, वजावट ३, गुणांक अधिक ३. वर्ग ‘ब’, लांबी १६. वीसच्या आत असल्यामुळे पास. तिसऱ्या खोटीला ४९ लागले, अंतर ६४, वजावट ३, गुणांक अधिक ४. वर्ग ‘क’, प्रतिध्वनी क्षीण, पण लांबी ३५ मिलिमीटर. अंतरावरून खोली काढली तर २२ मिलिमीटर येते. २५ मिलिमीटरच्या प्लेटमध्ये २२ म्हणजे तळापासून केवळ ३ मिलिमीटर, सरळसरळ खालच्या चौथ्या हिश्शात. तिथे २० च्या वर चालत नाही. हीच खोट १० मिलिमीटर वर असती तर कोणी तिला हात लावला नसता. पृष्ठभागाजवळच्या दोषाला फाटत बाहेर यायला थोडेच पोलाद पार करावे लागते, म्हणून संहिता तिथे कडक होते.

आणखी एक बारकावा अनुभवी तपासनीस विसरत नाही. ‘ब’ आणि ‘क’ वर्गाच्या दोन खोटी एकमेकींच्या फार जवळ असतील, म्हणजे मधले अंतर लांबटीच्या दुपटीपेक्षा कमी असेल, तर त्या दोन नसून एकच धरल्या जातात. आपल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या खोटीत ९४ मिलिमीटरचे सलग पोलाद आहे आणि दुपटीची मर्यादा ७० आहे. त्या आणखी ३० मिलिमीटरने जवळ सरकल्या असत्या तर दुसरीही नापास झाली असती. म्हणून टोकापासूनचे अंतर हा रकाना “साधारण मध्यभागी” असे लिहून भरता येत नाही, जरी तसे भरलेले कागद अधूनमधून दिसतात.

या सगळ्या नेटकेपणात एक अस्वस्थ करणारी गोष्ट दडलेली आहे. ‘अ’ आणि ‘ब’ यांच्यात एका डेसिबलचा फरक आहे, आणि एक डेसिबल म्हणजे पडद्यावरच्या उंचीत सुमारे १२ टक्के. प्रोब जरा कमी दाबला, ग्रीस वाळले, प्लेट ठोकळ्यापेक्षा खडबडीत निघाली, तरी एवढा फरक पडू शकतो. म्हणून ऑपरेटर बदलला की आणि ठराविक वेळाने पुन्हा ठोकळ्यावर जाऊन यंत्र जुळवण्याची सक्ती असते. त्याहून मोठी मर्यादा ध्वनीच्या स्वभावातच आहे. सपाट फट ध्वनीला काटकोनात सामोरी आली तर लहान असूनही ठणठणीत प्रतिध्वनी देते. तीच फट तिरकी असेल तर ध्वनी भलतीकडे उसळतो आणि पडद्यावर जेमतेम लव उठते. प्रतिध्वनीचा जोर हा दोषाचा आकार नव्हे.

म्हणूनच वेल्ड एकाच बाजूने तपासून भागत नाही. आपल्या पहिल्या खोटीचे शिखर एका बाजूने टोकदार आणि उंच होते, तर दुसऱ्या बाजूने कसेबसे दिसले. हा वेल्ड एका बाजूने इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच करून भरलेला आहे. ७० अंशांचा ध्वनी या खाचेच्या पलीकडच्या उतारावर जवळजवळ काटकोनात आदळतो. खोटीची जागा नेमकी त्याच उतारावर पडते. दोन्ही गोष्टी मिळून तपासनीस तर्क करतो की वेल्डची धातू प्लेटच्या उताराशी नीट वितळून एकजीव झालेली नाही. तिसरी खोट तळाजवळ आहे आणि तिचे शिखर ओबडधोबड, तुटक आहे. असा वेल्ड वरून भरल्यावर खालून कोरून स्वच्छ करतात आणि मग खालची बाजू भरतात. ते कोरणे अपुरे राहिले की जुना स्लॅग तिथे अडकतो. अहवालाच्या शेरा रकान्यात या दोन्ही गोष्टी “संभाव्य” म्हणून येतात. पास-नापासाचा निर्णय या नावांवर अवलंबून नाही, पण दुरुस्ती करणाऱ्या वेल्डरला मात्र नेमके हेच नाव हवे असते.

दुरुस्ती कुठल्या बाजूने करायची, हे खोलीचा आकडा सांगतो. १९ आणि २२ मिलिमीटर खोलीच्या खोटींकडे वरून जायचे तर जवळजवळ सगळी चांगली वेल्ड खणून काढावी लागेल. खालून पहिली फक्त ६ आणि तिसरी फक्त ३ मिलिमीटरवर आहे. म्हणजे क्रेनने गर्डर उलटा करायचा. क्रेन दुसऱ्या कामात अडकलेली असेल तर वरूनच उरकून घ्यावे असा मोह सुपरवायझरला होतो, आणि १५ मिलिमीटरच्या दोषासाठी हातभर खड्डा तयार होतो.

गाउजिंगसाठी कार्बनचा रॉड आणि दाबाची हवा वापरतात. रॉडच्या ठिणगीने पोलाद वितळते आणि हवेचा झोत ते उडवून लावतो. खड्ड्याची टोके उतरती ठेवतात, नाहीतर पुन्हा भरताना कोपऱ्यात स्लॅग अडकून तीच खोट नव्याने तयार होते. कार्बनने काळवंडलेला थर ग्राइंडरने चकचकीत होईपर्यंत काढतात. मग लाल रंगाचा पातळ द्रव लावून पुसतात आणि वर पांढरी पावडर फवारतात. फट उरली असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. रेघ उमटली नाही तर भरायला परवानगी. इथे एक चूक हमखास होते. खोट कोरताना डोळ्यांना दिसली नाही तरी ठरलेली खोली गाठली म्हणून खड्डा भरून टाकतात, आणि दुसऱ्या तपासणीत तेच शिखर तिथेच उभे राहते.

भरण्यासाठी शॉपच्या भाषेत ‘सेव्हन्टी एटीन’ म्हणतात तो कमी हायड्रोजनचा रॉड वापरतात. पाकीट उघडले की तो किमान १२० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये ठेवायचा आणि बाहेर काढल्यावर चार तासांत संपवायचा असा संहितेचा दंडक आहे. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात हा दंडक कागदावर सोपा आणि मजल्यावर अवघड असतो. रॉडच्या लेपाने ओल शोषली की वितळत्या धातूत हायड्रोजन मिसळतो. भरून झालेला वेल्ड थंड झाला की पुन्हा त्याच पद्धतीने, त्याच कसोटीवर तपासतात आणि अहवालात मूळ वेल्डच्या क्रमांकापुढे ‘आर१’ असे लिहून नवी ओळ येते.

दुसरी खोट मग तिथेच का राहू द्यायची, तेवढ्यात तीही काढून टाकली तर काय बिघडेल? बिघडू शकते. १६ मिलिमीटरच्या खोटीसाठी जी जागा कोरून भरली जाईल, तिथे पोलाद पुन्हा वितळेल, पुन्हा आक्रसेल. आजूबाजूला थंड, ताठ पोलाद असल्यामुळे त्या आक्रसण्याला मोकळीक नसते आणि आत ताण कोंडून राहतो. आखूड खड्ड्यात वेल्डरला दर थोड्या अंतरावर थांबावे आणि पुन्हा सुरू करावे लागते, आणि बहुतेक दोष सुरुवातीच्या आणि शेवटच्या टोकांशीच जन्म घेतात. माहीत असलेली, मोजलेली, मर्यादेतली गोल स्लॅगची गाठ घालवून त्या बदल्यात एखादा तडा विकत घेणे हा वाईट सौदा आहे. पास खोट पासच ठेवणे हा अहवालातला निर्णयच असतो, दुर्लक्ष नव्हे.

तड्याचा मात्र हिशेब वेगळा. इतर दोषांना लांबी, खोली, वर्ग यांची सवलत मिळते. तड्याला मिळत नाही. डी१.१ नुसार तडा जिथे संपतो असे दिसते त्याच्या दोन्ही टोकांपलीकडे आणखी ५० मिलिमीटर चांगले पोलाद काढायचे आणि मगच भरायचे, कारण तड्याचे खरे टोक डोळ्याला किंवा रंगाला दिसते त्याच्या पुढे गेलेले असू शकते. मोठा किंवा उशिरा उमटलेला तडा असेल तर डिझाइन इंजिनिअरची आगाऊ संमती लागते.

“उशिरा उमटलेला” हे शब्द मेलबर्नमधल्या एका पुलाने पोलाद उद्योगाला शिकवले असे म्हणता येईल. तिथला किंग स्ट्रीट पूल १९६१ मध्ये वाहतुकीला खुला झाला. १० जुलै १९६२ च्या थंड सकाळी सुमारे ४५ टनांचा एक ट्रेलर त्यावरून जात असताना एका गाळ्याचे गर्डर तडकले आणि गाळा खचला. खालच्या भिंतींनी तो तोलून धरला आणि कोणी दगावले नाही. चौकशी आयोगासमोर जे आले ते तपासनिसांच्या दृष्टीने अधिक गंभीर होते. पोलाद जास्त ताकदीचे पण वेल्डला नाजूक होते. गर्डरच्या खालच्या फ्लँजवर जाडी वाढवायला बसवलेल्या पट्टीच्या टोकाशी एक आखूड आडवा वेल्ड होता, आणि त्या वेल्डखाली मूळ प्लेटमध्ये तडे गेलेले होते. शॉपमध्ये तपासणी झाली होती, काही तडे सापडून दुरुस्तही झाले होते, पण सगळे सापडले नव्हते. तुटलेल्या पृष्ठभागांवर प्रायमरचा रंग आत शिरलेला आढळला. म्हणजे ते तडे गर्डर रंगवण्यापूर्वीपासून तिथे होते.

हायड्रोजनमुळे येणारा तडा वेल्ड गरम असताना जन्मत नाही. तो वेल्ड थंड झाल्यावर काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी उमटतो. सायंकाळी वेल्ड केला, थंड झाला, रात्रीच्या पाळीत यूटी करून पास केला, आणि सकाळी आत तडा, असे होऊ शकते. अतिउच्च ताकदीच्या ठराविक पोलादांसाठी डी१.१ म्हणते की वेल्ड पूर्ण झाल्यानंतर ४८ तास उलटल्याशिवाय केलेली तपासणी ग्राह्य नाही. साध्या पोलादाला वेल्ड थंड होईपर्यंत थांबले की पुरते. म्हणून अशा कामात अहवालावर तारखेबरोबर वेल्ड संपल्याची वेळ आणि तपासणीची वेळ दोन्ही शोधाव्यात. ४८ तासांची अट असताना वेळ लिहिलेलीच नसेल, तर “दोष आढळला नाही” या शेऱ्याला अर्थ उरत नाही.

अहवाल नीट ठेवला नाही तर पुढे काय गोंधळ होतो, याचे उदाहरण लॉस एंजेलिसजवळच्या नॉर्थरिजचे. १७ जानेवारी १९९४ च्या पहाटे ६.७ तीव्रतेचा भूकंप झाला. पोलादी सांगाड्याच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि सुरुवातीला वाटले की या पद्धतीने आपले काम चोख केले. नंतर आच्छादने काढून बघितले तेव्हा शंभराहून अधिक इमारतींत तुळई आणि खांब यांच्या जोडाचे वेल्ड तुटलेले सापडले. बहुतेक तडे तुळईच्या खालच्या फ्लँजच्या वेल्डच्या मुळाशी सुरू झाले होते.

तिथे वेल्डरला आणि तपासनिसाला एकच अडचण होती. खालचा फ्लँज भरताना तुळईचा उभा पडदा मध्ये येतो, म्हणून वेल्डर एका बाजूने येऊन थांबतो आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा सुरू करतो. तो थांबा बरोबर मध्यावर पडतो. तोच पडदा तपासनिसाचा प्रोबही अडवतो. त्यात वेल्डच्या मुळाखाली आधाराला लावलेली पोलादी पट्टी काम झाल्यावर तशीच ठेवायची पद्धत होती. त्या पट्टीचा आणि वेल्डचा सांधा स्वतःच प्रतिध्वनी देतो. तो पट्टीचा की मुळाशी राहिलेल्या फटीचा, हे पडद्यावरून ठरवणे अनेकदा शक्य नव्हते. आणि वापरलेल्या वायरने भरलेली धातू ठिसूळ होती, तिच्या चिवटपणाची अटच तेव्हा घातलेली नव्हती.

भूकंपानंतर हजारो वेल्ड पुन्हा यूटीने तपासले गेले आणि मुळाशी लहान लहान प्रतिध्वनींच्या याद्या तयार झाल्या. सुरुवातीला ते सगळे भूकंपाचे नुकसान म्हणून मोजले गेले. पुढच्या अभ्यासात लक्षात आले की त्यातले पुष्कळसे बांधकामाच्या वेळेपासूनचेच होते. मूळ अहवालात प्रत्येक प्रतिध्वनीची जागा, खोली आणि गुणांक असते तर जुने आणि नवे वेगळे करायला फार वेळ लागला नसता. अनेक अहवालांत फक्त “पास” एवढेच असते, आणि तशा कागदावरून अशी तुलना होत नाही. त्यानंतर अमेरिकेत भूकंपप्रवण जोडांसाठी खालच्या फ्लँजची आधारपट्टी काढून, मूळ कोरून, वर आणखी एक छोटा वेल्ड घालण्याची आणि वेल्डच्या धातूचा चिवटपणा सिद्ध करण्याची अट आली.

हल्ली मोठ्या कामांवर फेज्ड अॅरे यंत्र येते. त्याच्या प्रोबमध्ये एकाऐवजी अनेक छोटे स्फटिक असतात आणि ते एकाच जागेवरून अनेक कोनांनी ध्वनी फेकतात. जम्मू-काश्मीरमधल्या चिनाब नदीवरच्या रेल्वे पुलाच्या वेल्डसाठी ते वापरले गेले. त्यात वेल्डचा छेद रंगीत चित्रासारखा दिसतो आणि तपासणीची सगळी नोंद फाइल म्हणून साठवता येते. दहा वर्षांनी दुसरा तपासनीस तीच फाइल उघडून नव्या नोंदीशी ताडून पाहू शकतो. साध्या यंत्रात मात्र तपासनिसाने जे लिहिले नाही ते कायमचे गेले.

पण फाइलमध्येही काही गोष्टी आपोआप येत नाहीत. तो वेल्ड कोणत्या क्रमांकाच्या वेल्डरने भरला, रॉड ओव्हनमधून केव्हा काढला, पहिली दुरुस्ती वरून केली की खालून, द्रवाच्या चाचणीत रेघ उमटली होती का, हे कोणीतरी हातानेच लिहावे लागते. आपल्या फ्लँजच्या अंतिम कागदावर म्हणून चार ओळी असतात. १२० वरची खोट, आर१ नंतर निरंक. ३७० ते ४०५ वरची खोट, आर१ नंतर निरंक. २६० वर ‘ब’ वर्ग, लांबी १६, मान्य. आणि चौथी ओळ, आर१ करताना २६० वरच्या खोटीला उष्णता लागली असेल म्हणून तिची पुन्हा तपासणी केली, गुणांक पूर्वीइतकाच, अधिक ३. ही चौथी ओळ लिहिण्याची सक्ती कोणी केलेली नसते. काही लेव्हल टू तपासनीस ती लिहितात.